शेवटच्या तारखेची आठवण शेवटच्या दिवशी नको

 

आज आमच्या गटातल्या एका वहिनीपासून सुरुवात करते. तिला विचारूनच सांगते आहे, फक्त नाव घेत नाही. नववी झाली आणि तिचं लग्न झालं. मुलगा पाचवीत गेला तेव्हा तिनं मनावर घेतलं की आता आपण दहावी करायचीच. शाळेत न जाता बाहेरून दहावी-बारावी देणाऱ्यांना आधी मंडळाकडं नाव नोंदवावं लागतं. त्यालाच आपण सतरा नंबरचा फॉर्म म्हणतो. वहिनीनं जवळच्या शाळेत चौकशी केली, नावनोंदणीची शेवटची तारीख विचारून घेतली आणि घरी येऊन त्या तारखेची आठवण फोनमध्ये लावली.

फोन चुकला नाही. त्या दिवशी सकाळी बरोबर नऊला वाजला. पण फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो, आणि तिचा दाखला होता माहेरच्या शाळेत. माहेर चंदगडकडं, आम्ही करवीर तालुक्यात. एका दिवसात तिकडं जायचं, शाळेत अर्ज द्यायचा, दाखला घ्यायचा, परत येऊन फॉर्म भरायचा, हे काही होण्यासारखं नव्हतं. तारीख गेली. तारखेबरोबर अख्खं वर्ष गेलं.

बैठकीत ती मला म्हणाली, "ताई, फोन वाजला हो. पण वाजून मी काय करू?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. आठवण लावायची हे आपण शिकलो, पण ती किती आधी लावायची हे कुणी शिकवलं नाही. म्हणून आज तेवढंच बोलूया. फोनमधल्या कॅलेंडरवर एकाच तारखेसाठी दोन-तीन आठवणी कशा लावायच्या आणि त्या किती दिवस आधी वाजल्या पाहिजेत, हे मी सांगते. उदाहरणं दोनच घेते, एक लाईट बिलाचं आणि एक परीक्षेच्या फॉर्मचं. दोन्हींची रीत वेगळी आहे, आणि ती का वेगळी आहे हे कळलं की बाकी सगळं तुमचं तुम्हाला जमेल.

आधी हिशोब, मग फोन

फोन हातात घेण्याआधी एक छोटा हिशोब करायचा. आपण शेवटच्या तारखेपासून पुढं बघतो, त्याऐवजी मागं मोजायचं. या तारखेला काम पुरं व्हायचं असेल तर त्याच्या आधी काय हातात पाहिजे? ते मिळायला किती दिवस लागतात? आणि मधे सुट्टी येते का?

लग्नघरात आपण हेच करतो. लग्न रविवारी असेल तर लाडू रविवारी वळत नाही. डाळ दळून आणायची कधी, तूप कढवायचं कधी, लाडू वळायचे कधी, हे सगळं मागं मोजून ठरतं. आठवणीचंही तसंच. जी आठवण वाजल्यावर त्या दिवशी हातून काही काम होऊ शकतं, तीच उपयोगाची. बाकीची नुसती वाजते.

लाईट बिल: काम एक, आठवणी तीन

महावितरणचं घरगुती बिल हातात घ्या आणि रकमेच्या ओळी नीट वाचा. आपण फक्त मोठ्या अक्षरातला आकडा बघतो, पण तिथं तारखा एकापेक्षा जास्त असतात. पहिली तारीख लवकर भरणाऱ्यांसाठी. त्या तारखेच्या आत भरलं तर रक्कम थोडी कमी, कारण कर वगळून उरलेल्या बिलावर एक टक्का सवलत मिळते. दुसरी तारीख म्हणजे देय तारीख, तोपर्यंत बिलाची ठरलेली रक्कम. आणि देय तारीख उलटून गेली की वाढीव रक्कम, कारण सव्वा टक्का विलंब आकार लागतो.

आता खरं सांगायचं तर घरचं बिल हजार-बाराशेचं असेल तर सवलत दहा-बारा रुपयांची आणि दंड बारा-पंधराचा. एवढ्यासाठी कुणी घाबरून जायची गरज नाही. पण तुमच्या गटाची गिरणी असेल, शेवयाचं मशीन असेल आणि बिल आठ हजारांचं येत असेल, तर लवकर भरण्यात दर महिन्याला ऐंशी रुपयांच्या आसपास वाचतात. आणि खरा धोका वेगळाच असतो. एक बिल राहतं, पुढच्या बिलात ते थकबाकी म्हणून येतं, रक्कम मोठी दिसते, म्हणून तेही राहतं. मग वीज तोडण्याची नोटीस येते. वीज कायदा २००३, त्याच्या कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे एका दिवसात कुणी वायर कापत नाही, पण तोडल्यावर थकबाकीबरोबर पुन्हा जोडणीचा खर्चही आपल्याच अंगावर येतो.

समजा बिल आलं, त्यात लवकर भरायची तारीख ११ आहे आणि देय तारीख २५ आहे. किती आधी आठवण पाहिजे? इथं आपल्या घरात पैसा कधी येतो ते बघायचं. आपल्याकडं बहुतेक घरात दुधाचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं. ज्या दिवशी खात्यावर पैसे असतात त्याच्या दुसऱ्या दिवशी वाजलेली आठवण कामाची. पैसे यायच्या आधी वाजली तर आपण म्हणणार, "बघू नंतर," आणि ते नंतर कधीच येत नाही.

आता फोनवर काय करायचं ते सावकाश सांगते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये गुगलचं कॅलेंडर असतं, त्याच्या चित्राखाली Calendar असं लिहिलेलं दिसतं. तुमचा फोन मराठीत असेल तर मी सांगते ते शब्द मराठीत दिसतील, पण जागा त्याच.

कॅलेंडर उघडा. खाली उजव्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह आहे, ते दाबा. तिथं Event आणि Task असे पर्याय येतात. Event निवडा. Task चुकून निवडू नका, कारण Task ला ठरल्या वेळेची एकच आठवण मिळते आणि आपल्याला तर दोन-तीन पाहिजेत.

वर शीर्षकाची जागा येते. तिथं नुसतं 'लाईट बिल' लिहू नका. 'लाईट बिल भर, १२४०, देय २५' असं लिहा. आठवण वाजते तेव्हा हेच शीर्षक पडद्यावर दिसतं. रक्कम आणि तारीख तिथंच दिसली तर बिल शोधत बसावं लागत नाही. मराठीत टाईप करायला अवघड जात असेल तर कीबोर्डवरचा माईक दाबून बोला.

मग तारीख निवडा. इथं पंचवीस टाकायची नाही. तेवीस टाका. हे दोन दिवस आपले राखीव. ऑनलाईन पैसे भरताना कधी नेट जातं, कधी बँकेचं सर्व्हर बंद असतं, कधी पैसे कापले जातात पण बिल भरलेलं दिसत नाही आणि एक-दोन दिवस वाट बघावी लागते. काऊंटरवर भरणार असाल तर मधे रविवार येतो. म्हणून फोनला आपण शेवटची तारीख सांगायचीच नाही, आपली तारीख सांगायची.

तारखेखाली वेळ असते. All-day हे बटण सुरू असेल तर वेळ दिसत नाही, म्हणून ते बंद करा आणि वेळ टाका. वेळ कोणती? जेव्हा तुम्ही फोन हातात घेऊन खरंच काम करू शकता ती. सकाळी सातला गोठ्यात असता, आठला डबे असतात. माझी वेळ दुपारी दोनची. जेवणं झालेली असतात, भांडी घासून झालेली असतात, आणि काऊंटरवर जायचं म्हटलं तरी ते उघडं असतं. एक गोष्ट इथं लक्षात ठेवा. काही दिवस आधीची आठवणसुद्धा याच वेळेला वाजते. तेवीसला दुपारी दोनची वेळ टाकून दोन दिवस आधीची आठवण लावली, तर ती एकवीसला दुपारी दोनलाच वाजणार.

आता मुख्य काम. थोडं खाली घंटेचं चित्र असतं आणि तिथं Add notification लिहिलेलं असतं. ते दाबलं की वेळांची यादी येते. त्यात आपल्याला पाहिजे ती नसली तर शेवटी Custom आहे. तिथं आकडा टाकायचा आणि मिनिटं, तास, दिवस की आठवडे ते निवडायचं. आपण तीन आठवणी लावूया. पहिली बारा दिवस आधी. म्हणजे ती अकरा तारखेला वाजेल, दहा दिवसांचं दुधाचं बिल जमा झालेलं असेल तर त्याच दिवशी भरून सवलत घेता येईल. दुसरी दोन दिवस आधी, म्हणजे एकवीसला, पुढच्या दहा दिवसांचं बिल आल्यावर. आणि तिसरी त्याच दिवशी, तेवीसला. एक लावून झाली की पुन्हा Add notification दाबायचं आणि दुसरी लावायची. यादीत आधीपासून अर्ध्या तासाची एक आठवण दिसत असेल तर तिच्यासमोरची फुली दाबून ती काढून टाका. शेवटी वर Save दाबायला विसरू नका.

अशा एका नोंदीला जास्तीत जास्त पाच आठवणी लागतात, आणि एक आठवण चार आठवड्यांपेक्षा जास्त आधीची लावता येत नाही. बिलाला तीन पुरे. जास्त लावल्या की आपण न वाचताच बोटानं सरकवून टाकायला लागतो, आणि मग खरी आठवणही त्यातच सरकून जाते.

बिल भरलं की लगेच ती नोंद उघडून काढून टाका. नाहीतर भरलेल्या बिलाची आठवण पुन्हा वाजते, तुम्हाला कळतं की ही खोटी आहे, आणि पुढच्या महिन्यात खरी वाजली तरी तुम्ही म्हणता, "भरलंय गं ते."

दर महिन्याला आपोआप येईल अशी नोंद करावी का? तारीख सगळ्या महिन्यांत तंतोतंत तीच नसते. गेल्या महिन्याची देय तारीख पुढच्या महिन्यात चालवली तर दोन-चार दिवसांचा फरक पडतो आणि कधीतरी चुकतंच. म्हणून दर महिन्याची जी नोंद करायची ती बिल भरण्याची नको, बिल बघण्याची करा. 'लाईट बिल आलं का, तारीख बघून टाक' असं शीर्षक द्या, जिथं Does not repeat लिहिलंय तिथं दर महिन्याचा पर्याय निवडा. बिल आलं की खरी तारीख बघून वरची तीन आठवणींची नोंद नवीन करा. दर महिन्याची नोंद करताना ३० किंवा ३१ तारीख निवडू नका. ज्या महिन्यात ३१ नाही तो महिना कॅलेंडर सरळ ओलांडून पुढं जातं. आणि कधी अशी नोंद काढायची झाली तर फोन विचारतो, फक्त हीच का सगळ्या? This event निवडलं तर एकच जाते. All events निवडलं तर पुढच्या सगळ्या महिन्यांच्या आठवणी गेल्याच म्हणून समजा.

परीक्षेचा फॉर्म: कामं चार, नोंदी चार

आता वहिनीच्या फॉर्मकडं येऊ. गटात हे शिकवताना मी पहिल्यांदा चूक केली. मी म्हटलं, बिलासारखंच करा, शेवटच्या तारखेला पाच आठवणी लावा. पण ते जमलं नाही, कारण एका नोंदीच्या पाचही आठवणी एकच वाक्य दाखवतात. चार आठवडे आधी वाजते तेव्हाही 'फॉर्म भर' आणि दोन दिवस आधी वाजते तेव्हाही 'फॉर्म भर'. चार आठवडे आधी फॉर्म भरता येत नाही, कारण दाखलाच हातात नसतो. म्हणून बाई म्हणते, अजून वेळ आहे, आणि सरकवून टाकते.

बिलात काम एकच आहे, भरायचं. म्हणून एक नोंद आणि तिला तीन आठवणी. फॉर्ममध्ये कामं वेगवेगळी आहेत आणि एक झाल्याशिवाय दुसरं होत नाही. म्हणून प्रत्येक कामाची वेगळी नोंद पाहिजे, आणि प्रत्येक नोंदीत त्या दिवशी करायचं कामच लिहिलेलं पाहिजे.

दुसऱ्या वर्षी आम्ही वहिनीबरोबर बसून वहीत मागं मोजलं. समजायला सोपं जावं म्हणून धरा की नावनोंदणीची शेवटची तारीख ३१ ऑगस्ट आहे. मग आपली तारीख २५ ऑगस्ट. सहा दिवस राखीव, कारण शेवटच्या दिवसांत सगळ्यांची गर्दी होऊन वेबसाईट मंदावते, आणि आपल्याकडं त्या सुमाराला गौरी-गणपतीही येऊ शकतात. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टलाच होती. त्या आठवड्यात कुठली बाई घराबाहेर पडून फॉर्म भरणार?

२५ ला फॉर्म भरून त्याची प्रत शाळेत द्यायची असेल तर फोटो, आधार कार्ड आणि दाखला १० ऑगस्टला हातात पाहिजेत. आधारवर लग्नानंतरचं नाव आणि दाखल्यावर माहेरचं नाव, असं बऱ्याच जणींचं असतं. ते चालेल का, त्यासाठी काय जोडायचं, हे शाळेत विचारायला मधे वेळ लागतो. दाखला १० ऑगस्टला हातात हवा तर माहेरच्या शाळेत अर्ज जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे. जुनं रजिस्टर शोधावं लागतं, कधी सही करणारे मुख्याध्यापक रजेवर असतात. मूळ दाखला आधीच काढून नेलेला असेल आणि तो हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं, त्याला आणखी फेऱ्या. आणि मे महिन्यात जाऊन उपयोग नाही, शाळेला सुट्टी असते. शाळा जूनच्या मध्याला उघडतात.

म्हणून पहिली नोंद जूनमध्ये आली. वहिनीच्या फोनवर त्या चार नोंदी अशा होत्या:

२० जून, 'माहेरच्या शाळेत फोन कर, दाखला तिथं आहे का विचार, सतरा नंबरच्या तारखा आल्या का बघ'
५ जुलै, 'माहेरी जा, दाखल्याचा अर्ज दे'
१० ऑगस्ट, 'दाखला, आधार, फोटो पिशवीत आहेत का बघ, नसेल तर आजच फोन कर'
२५ ऑगस्ट, 'फॉर्म भर, प्रत आणि पावती शाळेत दे'

प्रत्येक नोंदीला दोन आठवणी. एक त्याच दिवशी आणि एक दोन दिवस आधी, म्हणजे घरात सांगून ठेवायला आणि बसचे पैसे बाजूला काढायला वेळ मिळतो. शेवटच्या नोंदीला आणखी एक, आठवडाभर आधीची.

बघा, पहिल्या दोन नोंदींच्या वेळी मंडळानं तारीख जाहीर केलेली असेलच असं नाही. पण दाखल्याचं काम तारखेची वाट बघत नाही. तारीख कुठलीही येवो, दाखला लागणारच. जे काम तारीख न कळताही करता येतं ते आधी करून ठेवायचं. आणि खरी तारीख कळली की शेवटच्या दोन नोंदी उघडून त्यांची तारीख बदलायची. नोंद उघडली की पेन्सिलीचं चित्र दिसतं, तिथून बदल होतो. नोंदीला लावलेल्या आठवणीही नव्या तारखेप्रमाणे आपोआप सरकतात.

गेल्या वर्षीची तारीख तशीच उतरवून घेऊ नका. दहावीची लेखी परीक्षा २०२४ साली १ मार्चला सुरू झाली होती आणि २०२५ साली २१ फेब्रुवारीला, म्हणजे आठवडाभर अलीकडं. परीक्षेची नोंद दरवर्षी आपोआप येईल अशी करून ठेवली असती तर अभ्यासाचा एक आठवडा तिथंच गेला असता. दरवर्षीची नोंद करायची तर ती 'तारीख बघ' अशीच करा, बिलासारखी. तारीख शाळेच्या फलकावर मिळते, मंडळाच्या वेबसाईटवर mahahsscboard.in इथंही मिळते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रावरून तारीख टाकू नका. आधी शाळेत विचारा, मग टाका.

एक मोठा खड्डा इथं आहे, तो सांगितलाच पाहिजे. सतरा नंबरचा फॉर्म भरला म्हणजे परीक्षेला बसायचं पक्कं झालं, असं पुष्कळ जणींना वाटतं. तसं नाही. ती फक्त नावनोंदणी. त्यानंतर परीक्षेचा अर्ज, ज्याला आवेदनपत्र म्हणतात, तो वेगळा भरायचा असतो, आपल्याला जी शाळा दिली आहे तिच्यामार्फत. म्हणून नावनोंदणीची पावती मिळाली त्याच दिवशी, शाळेच्या पायरीवर बसूनच, पुढची नोंद करायची: 'शाळेत जा, परीक्षा अर्जाची तारीख विचार.' १ ऑक्टोबर टाका आणि दर आठवड्याला येईल अशी लावा. अर्ज भरला की काढून टाका.

मुलांच्या परीक्षांच्या अर्जातही एक गोष्ट बघा. शिष्यवृत्तीसारख्या परीक्षांना नियमित शुल्क, विलंब शुल्क, अतिविलंब शुल्क अशा वेगवेगळ्या तारखा असतात. पुढच्या तारखेला फी वाढत जाते. फोनमध्ये टाकायची ती पहिली तारीख. पुढच्या तारखा आहेत म्हणून निवांत राहिलो की त्याच आपल्या तारखा होऊन बसतात.

पेपरच्या दिवशीची वेळ

हॉल तिकीट आलं, पेपर अकराला आहे. फोनमध्ये किती वाजता टाकाल? सगळ्या जणी म्हणतात अकरा. मग एक तास आधीची आठवण लावली तर ती दहाला वाजते. पण दहावीच्या सकाळच्या पेपरला साडेदहाला वर्गात हजर राहायचं असतं. केंद्र दुसऱ्या गावात असेल, एस.टी. साडेनऊची असेल, तर दहाला वाजलेली आठवण नुसती धडकी भरवते.

म्हणून पेपरची वेळ टाकायची नाही, घर सोडायची वेळ टाकायची. 'नऊला निघ, पेपर अकराला, हॉल तिकीट घे' असं शीर्षक आणि वेळ सकाळी नऊ. याला आठवडाभर आधीची एक आठवण लावा, तेव्हा एकदा केंद्रावर जाऊन वर्ग बघून यायचा आणि त्या दिवशी म्हशीचं कोण बघणार, पोरांचं कोण बघणार हे घरात ठरवायचं. एक आदल्या दिवशीची लावा. ती आदल्या दिवशी सकाळी नऊला वाजेल, पेन, आधार, हॉल तिकीट काढून ठेवायला दिवसभर मिळतो. आणि पेपरच्या दिवशी पहाटे उठण्यासाठी कॅलेंडरवर भरवसा ठेवू नका. त्याला घड्याळाचा गजर लावा.

फोन वाजतच नाही तेव्हा

गजर आणि कॅलेंडरची आठवण यात फरक आहे. गजर आपण बंद करेपर्यंत वाजत राहतो. कॅलेंडर एकदा टिंग करतं आणि गप्प बसतं. मिक्सर सुरू असला, फोन पिशवीत असला, तर ऐकू येत नाही. म्हणूनच एका आठवणीवर थांबायचं नाही. दुसरी आठवण पहिलीची चूक भरून काढते.

काही फोनमध्ये तर ती टिंगही होत नाही. फोन सायलेंट असतो, नाहीतर कॅलेंडरला सूचना देण्याची परवानगीच बंद असते, नाहीतर बॅटरी वाचवण्यासाठी फोनच कॅलेंडरला झोपवून ठेवतो. हे कळायचं कसं? खऱ्या तारखेची वाट बघू नका. आजच दहा मिनिटांनंतरची एक खोटी नोंद करा, तिला पाच मिनिटं आधीची आठवण लावा, फोन बंद पडद्यानं चुलीपासून लांब ठेवा आणि कामाला लागा. पाच मिनिटांनी आवाज आला तर ठीक. नाही आला तर Settings मध्ये Apps मध्ये जाऊन Calendar उघडा, तिथं Notifications सुरू करा आणि बॅटरीच्या पर्यायात Unrestricted असेल तर ते निवडा. मग पुन्हा तीच परीक्षा घ्या.

आणखी एक अडचण आपल्या घरातली. फोन एकच असतो आणि तो मालकांच्या खिशात रानात असतो. दुपारी दोनला आठवण उसाच्या फडात वाजते, घरी कुणाला कळत नाही. अशा घरात वेळ बदला. फोन घरात असतो ती वेळ, रात्री आठची, टाका. आणि तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहा. दुधाचा हिशोब, गॅसची टाकी लावली ती तारीख आपण तिथं लिहितोच, तसंच 'दाखला' एवढा एक शब्द ५ जुलैच्या चौकोनात लिहिला तरी चालतं. फक्त शेवटच्या तारखेला गोल करून ठेवू नका. गोल करायचा तो काम सुरू करायच्या तारखेला. आमच्या गटात आम्ही एक केलं आहे. ज्यांच्याकडं फोन नाही त्यांच्या तारखा शेजारच्या मैत्रिणीच्या फोनमध्ये तिच्याच नोंदीसारख्या टाकल्या आहेत, आणि शीर्षकात लिहिलं आहे, 'काकूंना सांग'.

वहिनीचं पुढं काय झालं ते सांगून थांबते. ५ जुलैला ती माहेरी गेली. दाखल्यावर जन्मतारीख एक आणि आधारवर दुसरी निघाली. गेल्या वर्षी हे शेवटच्या दिवशी कळलं असतं तर रडण्याशिवाय काही उरलं नसतं. या वेळी हातात सात आठवडे होते. दोन फेऱ्या जास्त झाल्या, आधारवरची तारीख दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घेतली. २५ ऑगस्टला दुपारी फोन वाजला तेव्हा ती बैठकीत माझ्या शेजारीच बसली होती. तिनं पडदा बघितला, हसली आणि नोंद काढून टाकली. फॉर्म चार दिवस आधीच भरून झाला होता.

मग तिनं तिथंच नवीन नोंद केली, १ ऑक्टोबरची.